रिकाम्या घरांचे भाडे

न्यूयॉर्क शहर आणि त्याच्या आसपासच्या परिसरातील रस्त्यांचा एक नकाशा गेली अनेक वर्षे जगभरच्या संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या हातात फिरतो आहे. हा नकाशा रंगीत नाही, त्यात नद्या नाहीत आणि गल्ल्यांची नावेही नाहीत. ती साधी मजकुराची फाइल आहे, `USA-road-d.NY.gr` या नावाची. सर्वांत जवळचा मार्ग शोधण्याच्या पद्धतींची तुलना करण्यासाठी अमेरिकेतील ‘डायमॅक्स’ या संस्थेने २००५-०६ मध्ये आपले नववे आव्हान जाहीर केले, तेव्हा तिथल्या जनगणना विभागाच्या नकाशांवरून अशा फाइली तयार झाल्या. न्यूयॉर्कच्या फाइलीत २,६४,३४६ चौक आहेत आणि ७,३३,८४६ जोडण्या. दोन चौकांमधला रस्ता जाण्याचा एक आणि येण्याचा एक, असा दोनदा मोजलेला आहे.

चौक आणि जोडण्या अशी ही जी रचना, तिला संगणकशास्त्रात ग्राफ म्हणतात. चौक म्हणजे नोड, जोडणी म्हणजे एज. मार्ग शोधण्याची गणिते नंतरची. त्याआधी हा ग्राफ संगणकाच्या मेमरीत मांडायचा कसा, हे ठरवावे लागते. मांडण्याच्या दोन जुन्या रीती आहेत: ॲडजसन्सी मॅट्रिक्स आणि ॲडजसन्सी लिस्ट. पाठ्यपुस्तकात दोन्ही शेजारी शेजारी, पाच-सहा चौकांच्या चित्रासह दिलेल्या असतात आणि तिथे दोन्ही सारख्याच सोयीच्या वाटतात. न्यूयॉर्कची फाइल उघडली की तो भ्रम लगेच फिटतो.

मॅट्रिक्स म्हणजे रस्त्यांच्या नकाशाच्या मागच्या पानावर छापलेला अंतरांचा तक्ता. डावीकडे उभी सगळी गावे, वर आडवी तीच गावे, आणि दोघांच्या छेदाच्या घरात अंतर. फरक इतकाच की ग्राफच्या मॅट्रिक्समध्ये थेट जोडणी असेल तरच घर भरलेले असते. नसेल तर तिथे शून्य किंवा ‘रस्ता नाही’ अशी खूण असते. लिस्टमध्ये तक्ता नसतो. प्रत्येक चौकासमोर फक्त त्याच्या शेजारच्या चौकांची यादी असते, आणि हवे असल्यास प्रत्येकाचे अंतर.

आता हिशेब. २,६४,३४६ चौकांच्या तक्त्यात २,६४,३४६ गुणिले २,६४,३४६, म्हणजे सुमारे ६,९८८ कोटी घरे होतात. त्यांतली भरलेली घरे किती? ७,३३,८४६. सुमारे ९५,००० घरांमागे एक घर भरलेले आणि बाकी सगळी ओस. पण मेमरी ओस घराचेही तितकेच भाडे घेते. प्रत्येक घरात अंतर लिहायला चार बाइट दिले, तर हा तक्ता २८० जीबीच्या आसपास जातो. अंतर सोडून केवळ ‘रस्ता आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच एका बिटमध्ये नोंदवले, तरी पावणेनऊ जीबी लागतात. त्यातही अंतरे नाहीतच, म्हणजे मार्ग शोधायला हा काटकसरीचा तक्ता निरुपयोगी.

इतकी मोठी मागणी केल्यावर संगणक सरळ नकार देईल आणि चूक लगेच लक्षात येईल, अशी अपेक्षा असते. नेहमी तसे होत नाही. जावा या भाषेत कोणी `new byte[n * n]` असे लिहिले आणि `n` हा साधा `int` असला, तर गुणाकार ३२ बिटांत मावत नाही. वरचे बिट गळून पडतात आणि उरते १,१५,९३,३०,९८०. म्हणजे सुमारे ७० जीबी मागायच्या ऐवजी प्रोग्रॅम गुपचूप १.१६ जीबी मागतो, आणि बऱ्याच लॅपटॉपवर त्याला ती मिळतेही. पुढे घराचा क्रमांक काढण्यासाठी `u * n + v` हा हिशेब होतो, तेव्हा तोही असाच उलटतो. काही क्रमांक ऋण येतात किंवा तक्त्याबाहेर पडतात आणि प्रोग्रॅम कोसळतो. काही मात्र तक्त्याच्या आतच, पण दुसऱ्याच कुणाच्या घरावर जाऊन बसतात. कोसळणारा प्रोग्रॅम परवडला, कारण तो निदान चूक दाखवतो. हा धोका ४६,३४१ चौकांपासून सुरू होतो, कारण त्या आकड्याचा वर्ग चिन्हासहित ३२ बिटांच्या मर्यादेपलीकडे जाणारा पहिला वर्ग आहे. ४६,३४० चौकांच्या नकाशावर बिनचूक चाललेला प्रोग्रॅम एका चौकाची भर पडताच बिघडतो.

मेमरीचा प्रश्न पैशाने सुटू शकतो, असे कोणी म्हणेल. ३०० जीबी मेमरीचे सर्व्हर आज भाड्याने मिळतात. पण मॅट्रिक्सची रिकामी घरे जागा अडवतात तशी वेळही खातात. एड्सगर डाइक्स्ट्राने १९५९ मध्ये मांडलेली सर्वांत जवळचा मार्ग शोधण्याची पद्धत असो किंवा एका चौकापासून थराथराने पसरत जाणारा साधा शोध असो, दोन्ही ग्राफला पुन्हा पुन्हा एकच प्रश्न विचारतात: या चौकातून कुठे कुठे जाता येते? मॅट्रिक्समध्ये त्याचे उत्तर मिळवायला त्या चौकाची अख्खी ओळ वाचावी लागते. दोन-तीन शेजारी सापडावेत म्हणून २,६४,३४६ घरे तपासायची, आणि हे प्रत्येक चौकासाठी करायचे. सेकंदाला शंभर कोटी घरे वाचली जातात असे धरले, तरी न्यूयॉर्कच्या सगळ्या चौकांना एकदा भेट द्यायला ७० सेकंद लागतील. लिस्टमध्ये हेच काम चौक आणि जोडण्या मिळून सुमारे दहा लाख पायऱ्यांत आटोपते. तिथे सेकंद मोजण्याची गरजच पडत नाही.

या रिकाम्या घरांची चीड प्रथम आली ती काही मार्ग शोधणाऱ्यांना नव्हे. विजेच्या जाळ्याचा हिशेब करणारे अभियंते १९६० च्या दशकात त्याच अडचणीत होते: प्रत्येक उपकेंद्र दोन-चार उपकेंद्रांनाच जोडलेले, पण समीकरणांचा तक्ता मात्र सर्वांचा सर्वांशी. अमेरिकेच्या बॉनव्हिल पॉवर ॲडमिनिस्ट्रेशनमधल्या टिनी आणि वॉकर यांनी १९६७ मध्ये शून्ये न साठवता, न हाताळता ही समीकरणे सोडवण्याची रीत प्रसिद्ध केली. ग्राफच्या बाबतीत लिस्टची मांडणी रुजवण्याचे मोठे श्रेय जॉन हॉपक्रॉफ्ट आणि रॉबर्ट टार्जन यांच्याकडे जाते. १९७३ मध्ये त्यांनी दाखवून दिले की शेजाऱ्यांच्या याद्या ठेवल्या तर ग्राफवरची कितीतरी कामे चौक आणि जोडण्यांच्या बेरजेइतक्या वेळात होतात, चौकांच्या वर्गाइतक्या नव्हे.

तेव्हा विरळ ग्राफसाठी लिस्ट, हे ठरले. खरे तर इथवरचा निर्णय सोपा आहे. आकडे समोर ठेवले की तो आपोआप होतो. कसोटी पुढे लागते, कारण ‘लिस्ट’ या एका शब्दाखाली मेमरीच्या दृष्टीने अगदी वेगवेगळ्या गोष्टी येतात.

सर्वांत आटोपशीर मांडणीला सीएसआर म्हणतात. तिच्यात प्रत्येक चौकाची वेगळी यादी नसतेच. सगळ्या चौकांचे शेजारी एकाच लांब रांगेत, एकापाठोपाठ एक लिहिलेले असतात: आधी शून्य क्रमांकाच्या चौकाचे, मग पहिल्याचे, मग दुसऱ्याचे. सोबत एक छोटी रांग असते, ती सांगते की कोणत्या चौकाचे शेजारी मोठ्या रांगेत कुठून सुरू होतात. ते कुठे संपतात हे वेगळे लिहावे लागत नाही, कारण पुढच्या चौकाची सुरुवात म्हणजेच या चौकाचा शेवट. अंतरांची रांग शेजाऱ्यांच्या रांगेला समांतर चालते. ही मांडणी तयार करायला डझनभर ओळी पुरतात:

```java
int[] start = new int[n + 1];
for (int i = 0; i < m; i++) start[from[i] + 1]++;
for (int u = 0; u < n; u++) start[u + 1] += start[u];

int[] pos = start.clone();
for (int i = 0; i < m; i++) {
    int k = pos[from[i]]++;
    to[k] = head[i];
    len[k] = w[i];
}
```

पहिल्या फेरीत प्रत्येक चौकातून किती रस्ते निघतात ते मोजले जाते. दुसऱ्या फेरीत त्या मोजणीची चढती बेरीज होते आणि `start` मध्ये प्रत्येकाची सुरुवातीची जागा तयार होते. तिसऱ्या फेरीत प्रत्येक जोडणी आपल्या जागी जाऊन बसते. `pos` ही `start` ची प्रत मुद्दाम घेतलेली आहे. मेमरी वाचवण्याच्या नादात कोणी ती गाळून `start` वरच थेट मोजत गेले, तर शेवटी प्रत्येक चौकाची सुरुवात पुढच्या चौकाच्या सुरुवातीवर सरकलेली सापडते. मग प्रत्येक चौक आपल्याऐवजी पुढच्या क्रमांकाच्या चौकाचे शेजारी सांगू लागतो. प्रोग्रॅम कोसळत नाही, मार्गही दाखवतो, फक्त ते मार्ग अस्तित्वात नसतात.

डायमॅक्सच्या फाइलीत चौकांचे क्रमांक एकपासून सुरू होतात आणि जावाच्या रांगा शून्यापासून, ही आणखी एक ठेच. वाचताना प्रत्येक क्रमांकातून एक वजा करायचा राहिला, की गडबड सुरू. म्हणून भरणी झाल्यावर दोन गोष्टी तपासाव्यात: `start[n]` हा आकडा `m` इतकाच आला आहे का, आणि प्रत्येक चौकासाठी `pos[u]` नेमका `start[u + 1]` वर येऊन थांबला आहे का. दोन्ही जुळले तर एकही जोडणी हरवलेली नाही आणि परक्या जागेत शिरलेली नाही.

न्यूयॉर्कसाठी या मांडणीचा खर्च किती? सुरुवातीच्या जागांसाठी दहा लाख बाइटपेक्षा थोडे अधिक, शेजारी आणि अंतरे मिळून ५८ लाख ७० हजार बाइट. एकूण सात एमबीसुद्धा भरत नाही. एका फोटोची फाइल याहून मोठी असू शकते.

त्याच आव्हानात संपूर्ण अमेरिकेचाही ग्राफ होता: २,३९,४७,३४७ चौक आणि ५,८३,३३,३४४ जोडण्या. शहर सोडून देश घेतला म्हणून चौकातले रस्ते वाढत नाहीत. उलट सरासरी चौकामागे जोडण्या २.८ वरून २.४ वर येतात, कारण लांबच्या ग्रामीण रस्त्यांवर मधले बिंदू दोनच बाजूंना जोडलेले असतात. लिस्ट चौकांच्या प्रमाणात वाढते, मॅट्रिक्स चौकांच्या वर्गाच्या प्रमाणात. सीएसआरमध्ये अख्खी अमेरिका ५६२ एमबीत बसते. मॅट्रिक्समध्ये ५७३ लाख कोटी घरे लागतात, अंतरांसह सुमारे २,३०० टेराबाइट. दोहोंत चाळीस लाख पटींचा फरक आहे. आणि मघाच्याच वेगाने ती घरे एकदा वाचून काढायला साडेसहा दिवस लागतील.

हीच अमेरिका लिस्टच्या इतर रूपांत मांडून पाहावी. सी प्लस प्लस भाषेत अनेक जण प्रत्येक चौकासाठी एक `vector` ठेवतात. लिहायला ते सोयीचे असते, शिकवायलाही. पण ६४ बिटांच्या संगणकावर रिकाम्या `vector` ची स्वतःची नोंदच साधारणपणे २४ बाइटची असते, आणि त्यात दोन शेजारी ठेवायचे म्हटले की मेमरी वाटणारी यंत्रणा लिनक्सवर बहुधा किमान ३२ बाइटचा तुकडा देते. अडीच शेजाऱ्यांचा मजकूर वीस बाइटचा, त्याभोवतीचा बारदाना त्याहून मोठा. २.३९ कोटी चौकांसाठी हे मिळून किमान १.३४ जीबी होतात, म्हणजे सीएसआरच्या दुपटीहून अधिक. शिवाय ते तुकडे मेमरीभर विखुरलेले असल्याने वाचताना प्रोसेसरला उड्या माराव्या लागतात.

पायथनमधील नेटवर्कएक्स हे लोकप्रिय साधन याहून पुढे जाते. ते प्रत्येक चौकासाठी एक `dict` ठेवते आणि प्रत्येक जोडणीच्या गुणधर्मांसाठी आणखी एक. लहानशा `dict` ला दोनशे बाइटच्या आसपास जागा लागते. देशाचा नकाशा त्यात भरला तर मजकुराआधी नुसत्या `dict` चाच हिशेब दहा जीबीच्या घरात जातो. ज्याने ‘लिस्ट वापरली तरी मेमरी संपली’ अशी तक्रार केली, त्याची निवड चुकलेली नसते. लिस्ट कशात बांधली हे पाहायचे राहिलेले असते. काही हजार चौकांवर प्रयोग करण्यासाठी नेटवर्कएक्स उत्तम आहे. कोटींच्या घरात ते ओढत नेणे हट्टाचे.

सीएसआर बांधतानाही एक खाचखळगा असतो. वरच्या प्रोग्रॅममध्ये मूळ जोडण्या `from`, `head` आणि `w` या तीन रांगांत आधीच वाचून ठेवलेल्या आहेत. अमेरिकेसाठी त्या तीन रांगांचे ७० कोटी बाइट होतात. तयार झालेला ग्राफ ५६२ एमबीचा, पण तो तयार होत असतानाचा कमाल खर्च १.३६ जीबीच्या आसपास जातो. एक जीबीचीच मुभा असलेल्या संगणकावर काम तिथेच अडते. उपाय साधा आहे: फाइल दोनदा वाचायची. पहिल्या वाचनात फक्त मोजणी, दुसऱ्या वाचनात थेट भरणी. वेळ थोडा अधिक जातो, तीन रांगा वाचतात.

मग मॅट्रिक्समध्ये असे काय आहे जे लिस्टमध्ये नाही? दोन विशिष्ट चौकांमध्ये थेट रस्ता आहे का, हे मॅट्रिक्स एका नजरेत सांगते. लिस्टमध्ये शेजारी चाळावे लागतात. रस्त्यांच्या ग्राफमध्ये हे नुकसान नावापुरतेच, कारण चाळायचे शेजारी दोन-तीनच असतात. समाजमाध्यमांत तसे नसते. फेसबुकच्या २०११ मधील अभ्यासात ७२.१ कोटी सक्रिय सदस्य आणि सुमारे ६,९०० कोटी मैत्री मोजल्या गेल्या. बिटांचा मॅट्रिक्ससुद्धा तिथे ६५ पेटाबाइटचा झाला असता, म्हणून लिस्टला पर्याय नाही. पण एकेका सदस्याचे मित्र हजारांत असू शकतात. त्यावर तोड अशी की प्रत्येक यादी क्रमांकानुसार लावून ठेवायची आणि दरवेळी मधोमध पाहून अर्धी यादी बाद करायची. फेसबुकवर मित्रांची मर्यादा ५,००० आहे. तेवढ्या यादीतही जास्तीत जास्त तेरा तुलनांत उत्तर मिळते. मात्र प्रत्येक मैत्री दोन्ही याद्यांत लिहिली तर १३,८०० कोटी नोंदी होतात, आणि सुरुवातीच्या जागा ३२ बिटांत मावत नाहीत. त्यांना आठ बाइट द्यावे लागतात.

सीएसआरचा खरा दुबळेपणा बदलाच्या वेळी दिसतो. एक नवा रस्ता घालायचा तर त्यापुढच्या सगळ्या नोंदी एकेक घर सरकवाव्या लागतात आणि पुढच्या प्रत्येक चौकाची सुरुवात एकाने वाढवावी लागते. रस्ता तात्पुरता बंद झाला असेल तर जोडणी काढू नये, तिचे अंतर फार मोठे करावे. मांडणी जागची हलत नाही. इथेही एक जुनी चूक दबा धरून असते. ‘अनंत’ म्हणून `Integer.MAX_VALUE` लिहिले आणि डाइक्स्ट्राच्या पद्धतीने त्यात आधीचे अंतर मिळवले, की बेरीज उलटून ऋण होते. बंद केलेला रस्ता मग सर्वांत स्वस्त ठरतो आणि प्रत्येक मार्ग त्याच्यावरूनच जाऊ लागतो. सगळ्या गाड्या नेमक्या बंद पुलाकडे वळताना दिसल्या, तर आधी हे पाहावे.

आता लिस्ट कधी हरते, तेही मोजता येते. केवळ ‘आहे-नाही’ नोंदवायचे असेल तर मॅट्रिक्सला घरामागे एक बिट लागतो आणि लिस्टला भरलेल्या घरामागे चार बाइट, म्हणजे ३२ बिट. म्हणून दर ३२ घरांमागे एकाहून अधिक घर भरलेले असेल, साधारण तीन टक्क्यांच्या वर, तर मॅट्रिक्सच स्वस्त पडतो. अंतरेही हवी असतील तर मॅट्रिक्सला घरामागे चार बाइट आणि लिस्टला भरलेल्या घरामागे आठ. तिथे सीमारेषा निम्म्यावर येते. ‘विरळ’ कशाला म्हणायचे याची रेषा अशी कामागणिक सरकते. न्यूयॉर्कचा नकाशा दोन्ही रेषांपासून हजारो पटींनी दूर आहे.

पण त्याच शहरात माल पोहोचवणाऱ्या गाड्यांचे नियोजन करायचे असेल, तर एकाच कामात दोन्ही मांडण्या लागतात. समजा दिवसभरात १,००० ठिकाणी जायचे आहे. रस्त्यांचा ग्राफ सीएसआरमध्ये ठेवायचा आणि त्यावर प्रत्येक ठिकाणापासून बाकी सर्व ठिकाणांची अंतरे काढायची. या हजार ठिकाणांचा जो नवा ग्राफ तयार होतो, तो अजिबात विरळ नसतो: कुठल्याही ठिकाणाहून कुठेही जाता येते, त्यामुळे कर्णावरची घरे सोडली तर सगळी भरलेली. दहा लाख अंतरे, मॅट्रिक्समध्ये चार एमबी. लिस्टमध्ये लिहिले तर प्रत्येक अंतरासोबत शेजाऱ्याचा क्रमांकही लिहावा लागेल आणि खर्च दुप्पट होईल. क्रम लावणारा प्रोग्रॅम ‘या ठिकाणाहून त्या ठिकाणी किती लांब’ हे लाखो वेळा विचारतो, आणि त्या प्रश्नाचे उत्तर मॅट्रिक्सइतक्या झटपट दुसरे कोणी देत नाही.

ठिकाणे ५०,००० झाली की हाच मॅट्रिक्स २५० कोटी घरांचा आणि दहा जीबीचा होतो, शिवाय ४६,३४० ची रेषा ओलांडलेली असते. अशा मोठ्या समस्यांसाठी डेन्मार्कमधील केल्ड हेल्सगाउन यांनी लिहिलेला एलकेएच हा प्रोग्रॅम प्रत्येक ठिकाणासाठी उपयोगी ठरण्याची शक्यता सर्वाधिक असलेली मोजकी ठिकाणेच निवडून ठेवतो; वेगळे काही सांगितले नाही तर पाच. ती लिस्ट अडीच लाख नोंदींची होते, आणि अंतरांसह धरली तरी वीस लाख बाइटमध्ये बसते.